आयसीकडे तक्रार दिली, आता पुढे काय? तक्रारीच्या कागदापासून अहवालापर्यंत

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार दिल्यावर बायका मला पहिल्यांदा न्याय मिळेल का वगैरे विचारतच नाहीत, त्या विचारतात, "मॅडम, मी बोलत असताना तो समोर बसलेला असणार का?" बहुतेक ठिकाणी नसतो, आणि तुम्हाला नको असेल तर तसं आधी सांगून ठेवायचं. पण तुम्ही जे सांगाल ते कागदावर उतरून त्याच्यापर्यंत पोचणार हे मात्र नक्की, कारण त्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही आणि त्याला उत्तर देऊ न देता केलेली चौकशी अपिलात टिकत नाही. हे आधीच डोक्यात असलेलं बरं, म्हणजे पुढे धक्का बसत नाही.

मी पुण्याच्या आसपासच्या तीन कंपन्यांमध्ये अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या कमिटीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. कमिटीला सगळे आयसीसी म्हणतात, मग कोणीतरी क्रिकेटचा जोक मारतोच. २०१६ च्या दुरुस्तीत नावातला "कंप्लेंट्स" शब्द गेला आणि ती नुसती इंटर्नल कमिटी, म्हणजे आयसी झाली, पण ऑफिसातल्या बोर्डांवर अजून जुनंच नाव असतं. त्याने काही बिघडत नाही.

खाली जी केस घेतलीये ती मी बनवलेली आहे. खरी सांगितली तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ मोडतं, कारण तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो, साक्षीदार आणि चौकशीत काय झालं यातलं काहीच बाहेर सांगता येत नाही. तर समजा, चाकणच्या एका कारखान्यात परचेसमध्ये काम करणारी स्वाती. तिचा मॅनेजर रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर "झोपलीस का" पासून सुरू करून अंगावर काय घातलंय इथपर्यंत मेसेज करतो, मार्चपासून हे चालू आहे. १८ मेला नाशिकच्या सप्लायरकडून परत येताना गाडीत तो तिच्या मांडीवर हात ठेवतो, ती हात झटकते, आणि त्यानंतर तिच्या फाइलींवर सह्या अडायला लागतात. १ जुलैला, सोमवारी, ती लेखी तक्रार देते.

तक्रार लिहिताना

मुदत तीन महिन्यांची आहे, घटनेपासून, आणि एकामागून एक प्रकार झाले असतील तर शेवटच्या घटनेपासून. म्हणजे स्वातीला १८ ऑगस्टपर्यंत वेळ होता. उशीर झाला तर कमिटी अजून जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्याची कारणं कमिटीला लेखी नोंदवावी लागतात, म्हणून उशीर का झाला हे तक्रारीतच लिहा, दवाखान्याचे कागद असतील तर जोडा. सहा महिन्यांच्या पुढे मात्र दरवाजा जवळजवळ बंद होतो. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोलकात्याच्या एका लॉ युनिव्हर्सिटीच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतीबाहेरची धरली. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची होती आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची. मधल्या काळात तिला एका पदावरून काढलं होतं, पण ते प्रशासकीय निर्णय आहेत, छळाचाच पुढचा भाग नाहीत असं कोर्टाने धरलं. यातून आपल्यापुरतं एवढं घ्यायचं की "सह्या अडवल्या", "अप्रेझल खराब दिलं" हे नंतरचे त्रास मुदत वाढवतीलच असं धरून बसू नका.

आता मजकूर. तीन पानं भावना आणि अर्ध्या पानावर घटना अशा तक्रारी मी खूप वाचल्यात आणि मला त्यांचा राग येत नाही, पण चौकशी चालते ती त्या अर्ध्या पानावर. प्रत्येक घटनेला तारीख, साधारण वेळ, जागा, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, कितीही घाण असले तरी त्याच शब्दांत, त्याने काय केलं, तुम्ही काय केलंत, आसपास कोण होतं, नंतर पहिल्यांदा कोणाला सांगितलंत. "त्याने माझ्याशी गैरवर्तन केले" या वाक्याला तो "नाही केले" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. "नारायणगाव सोडल्यावर, ड्रायव्हर टोलला उतरला होता तेव्हा, त्याने उजवा हात माझ्या डाव्या मांडीवर ठेवला, मी बॅग दोघांच्या मध्ये घेतली" याला मात्र त्याला खरंच उत्तर द्यावं लागतं, आणि टोल, ड्रायव्हर, टूरचं बिल या सगळ्या गोष्टी तपासता येतात. तारीख आठवत नसेल तर "मार्चचा दुसरा आठवडा, होळीच्या आसपास" असं लिहा. अंदाजाने पक्की तारीख टाकू नका, कारण तो त्या दिवशी रजेवर निघाला तर अख्ख्या तक्रारीवर शंका येते.

आणि जे आपल्याला अडचणीचं वाटतं तेही स्वतःहून लिहा. स्वातीने २५ मेला त्याला "हॅपी बर्थडे सर" असा केकवाला मेसेज टाकला होता, ग्रुपमध्ये सगळ्यांनी टाकला म्हणून. तिने तक्रारीत ते लिहिलं नाही, वाटलं आपल्याच विरुद्ध जाईल. पुढे काय झालं ते येतंच.

नियमात तक्रारीच्या सहा प्रती सांगितल्यात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. ईमेलने दिली तरी चालवून घेणाऱ्या कंपन्या खूप आहेत, पण पोच घ्या, म्हणजे तारीख असलेला शिक्का, सही किंवा निदान मेलला आलेलं उत्तर. सगळ्या मुदती त्या तारखेपासून मोजायच्या असतात. लिहायला जमत नसेल तर अध्यक्ष किंवा सदस्याने लिहायला मदत करायची असं कायद्यातच आहे, तेव्हा "लेखी आणा मग बघू" म्हणून परत पाठवणारी कमिटी तिथेच चुकतेय.

पहिले दहा दिवस: कमिटी स्वतःचं घर तपासते

कमिटीत कोण आहे ते बघा. अध्यक्ष म्हणून वरच्या पदावरची बाई, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, बाहेरची एक व्यक्ती, एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका, आणि मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. सुनावणीला अध्यक्षांसकट किमान तीन जण हजर लागतात. एकटा एचआर मॅनेजर केबिनमध्ये बसून "काय झालं सांग बरं" म्हणत असेल तर ती चौकशी नव्हे, ती चौकशीच्या नावाखाली चाचपणी आहे, तिथे सही करू नका. एखादा सदस्य त्या मॅनेजरच्या हाताखालचा असेल किंवा त्याचा रोजचा डब्याचा जोडीदार असेल तर आत्ताच लेखी हरकत घ्या. अहवाल विरुद्ध गेल्यावर घेतलेली हरकत रडगाणं वाटते.

तक्रार मालकाविरुद्धच असेल, किंवा जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात म्हणून कमिटीच नाही, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तो रस्ता वेगळा आहे, इथे फार शिरत नाही.

तक्रार आल्यापासून सात कामाच्या दिवसांत त्याची एक प्रत समोरच्याला जाते. शनिवार-रविवार सुट्टी धरली तर स्वातीच्या केसमध्ये १० जुलै. त्याला उत्तर द्यायला दहा कामाचे दिवस, म्हणजे २४ जुलै. हा काळ सगळ्यात वाईट जातो कारण तुमच्या बाजूने काहीच हलत नाही आणि ऑफिसात मात्र त्याला कळलेलं असतं. फोन येतात, कधी त्याच्या बायकोचा येतो, "वहिनी"च्या नात्याने, कधी कोणी सीनियर कॉफीला नेतो आणि करिअरचं बोलतो. यातलं काहीही झालं की त्याच दिवशी कमिटीला दोन ओळींचा मेल टाकायचा, वाद घालायचा नाही, फक्त कळवायचं.

चौकशी चालू असेपर्यंत काय मागता येतं

हे मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. कलम १२ खाली लेखी अर्ज केला तर कमिटी कंपनीला शिफारस करू शकते की तुमची किंवा त्याची बदली करा, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या, जी तुमच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही, किंवा तुमचं अप्रेझल त्याने लिहू नये, दुसऱ्याने लिहावं. स्वातीने फक्त हे शेवटचं आणि फाइलींच्या सह्या दुसऱ्या मॅनेजरकडे द्या एवढंच मागितलं. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण रजा घेऊन घरी बसलं की ऑफिसात गोष्ट एकाच तोंडून फिरत राहते. अर्थात जिला रोज त्याच मजल्यावर जाऊन उलटी येते तिने रजा घ्यावी, त्यात काय.

एक नेहमीची चलाखी सांगून ठेवते. "तुझ्याच भल्यासाठी" म्हणून तक्रारदारालाच दुसऱ्या प्लांटला पाठवतात. तुम्ही लेखी मागितलं नसेल तर तो अंतरिम दिलासा नाही, आणि तसं कमिटीला कळवायचं.

समझोता

चौकशी सुरू होण्याआधी समझोत्याची एक वाट आहे, पण ती फक्त तक्रारदार बाईने मागितली तरच. कमिटीने स्वतःहून "बघा, मिटवता आलं तर" असं सुचवलं की मी बैठकीत तिथेच थांबवते, कारण ते कायद्यात बसत नाही. समझोत्यात पैसे हा आधार घेता येत नाही. लेखी माफी, टीम बदलणं, रात्री संपर्क न करण्याची हमी असल्या अटी असतात, त्या लिहून दोघांना प्रत मिळते आणि पुढची चौकशी बंद होते. हे "बंद" नीट समजून घ्या, नंतर मन बदललं म्हणून तीच तक्रार परत उघडत नाही. त्याने अटी पाळल्या नाहीत तर मात्र कळवायचं, मग कमिटी चौकशी सुरू करते. नुसत्या मेसेजेसची तक्रार असती तर कदाचित मी स्वातीला विचार कर म्हटलं असतं, अंगाला हात लावल्यावर नाही. हे माझं मत, कायद्याचं नव्हे.

तुमचा जबाब

त्याचं उत्तर आलं की त्याची प्रत मागून घ्या आणि वाचूनच जबाबाला जा. स्वातीच्या मॅनेजरने लिहिलं की मेसेज मजेत होते, गाडीत काही झालंच नाही, आणि तिच्या दोन फाइलींत चुका दाखवल्या म्हणून तिने सूड घेतला. ही तीन वाक्यं मला पाठ आहेत, थोड्याफार फरकाने प्रत्येक उत्तरात असतात.

जबाबाच्या दिवशी एक बंद खोली, तीन-चार जण, एक टाइप करणारी व्यक्ती. वकील आणता येत नाही, त्यालाही नाही. आधाराला कोणाला सोबत आणायचं असेल तर आधी विचारून घ्या, आम्ही बाहेरच्या खोलीत बसू देतो. बोलायला सुरुवात केल्यावर पहिली दहा मिनिटं बहुतेक जणी तक्रारीत आहे तेच सांगतात आणि मग आम्ही बारीक प्रश्न विचारतो. गाडी कोणती, कोण कुठे बसलं होतं, खिडकी उघडी होती का, टोलला किती वेळ लागला, हात किती वेळ होता. हे प्रश्न टोचतात, अविश्वास दाखवल्यासारखे वाटतात, पण त्यांची उत्तरं नसतील तर अहवालात आम्हाला लिहायला काही उरत नाही. चुकीचे प्रश्न वेगळे असतात. तू असे कपडे का घालतेस, लग्न झालंय का, आधी कोणाशी संबंध होते का, हे विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही. "हा प्रश्न आणि माझी हरकत नोंदवा" असं शांतपणे म्हणायचं आणि ती ओळ टाइप झालेली बघायची. "तेव्हाच का नाही बोललीस" हा मधला प्रश्न आहे, तो विचारण्याची पद्धत वाईट असते पण उत्तर अहवालाला लागतं, म्हणून उत्तर द्या, खरं असेल ते, अगदी "प्रोबेशन संपायचं होतं" असलं तरी.

जबाब संपल्यावर प्रिंट काढून सहीला देतात, संध्याकाळचे सात वाजलेले असतात, घरी जायचं असतं. इथेच चूक होते. पूर्ण वाचा. स्वातीने सांगितलं होतं "मी हात झटकला आणि बॅग दोघांच्या मध्ये ठेवली", टाइप झालं होतं "तक्रारदार सरकून बसली". ऐकायला सारखं वाटतं, पण पहिल्यात विरोध आहे आणि दुसऱ्यात नुसती हालचाल. तिने पेनाने दुरुस्त केलं, बाजूला सही केली, अध्यक्षांचीही सही घेतली, प्रत्येक पानावर सही केली आणि प्रत मागितली. या एका ओळीवर नंतर निष्कर्षातला अर्धा परिच्छेद उभा राहिला.

पुरावा कुठून येतो

गाडीत तिसरं कोणी नसतं, केबिनचं दार बंद असतं, हे कमिटीलाही माहीत असतं. इथे फौजदारी कोर्टासारखं संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही. दोन्ही गोष्टी समोर ठेवल्यावर कोणती जास्त संभवते, एवढंच बघतात. त्यामुळे आजूबाजूच्या छोट्या गोष्टींना किंमत येते. स्वातीने १८ मेच्या रात्री साडेनऊला तिच्या रूममेटला रडत सांगितलं होतं, रूममेट कंपनीची नसली तरी साक्षीदार होऊ शकते. ड्रायव्हरने काही पाहिलं नव्हतं, पण नारायणगावनंतर मॅडम पुढच्या सीटवर येऊन बसल्या एवढं त्याला आठवत होतं. आणि तिच्या फाइलींवरच्या सह्यांच्या तारखा, मेआधी एक-दोन दिवसांत होणाऱ्या सह्या मेनंतर नऊ-नऊ दिवस अडलेल्या, हे त्याच्या "सूड" या म्हणण्याला उलटं उत्तर होतं.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट द्या, पण ज्यात नंबर, तारीख आणि मागचेपुढचे मेसेज दिसतील असे, आणि मूळ फोन जपून ठेवा, कमिटी तो बघायला मागते. फोन बदलायचा असेल, रिसेट करायचा असेल तर थांबा. मधलेच तीन मेसेज कापून दिले की तो बाकीचे आणून दाखवतो आणि मग मेसेजपेक्षा कापण्याचीच चर्चा होते.

तुमच्या हातात नसलेली कागदपत्रं कमिटी मागवू शकते, साक्षीदार बोलावणं आणि कागद हजर करायला लावणं याबाबतीत तिला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. टूरचं बिल, गाडीची नोंदवही, गेटचं रजिस्टर, मेल सर्व्हर, सीसीटीव्ही. सीसीटीव्हीसाठी तक्रारीच्याच दिवशी वेगळा अर्ज द्या, कारण जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढत राहतं आणि महिन्याभराने मागितलं तर "उपलब्ध नाही" हेच उत्तर येतं. साक्षीदार सहकारी असतील तर एक सांगते, त्यांना पढवू नका. दोघींच्या जबाबात सारखीच वाक्यं आली की आम्हाला लगेच कळतं आणि मग खरी साक्षही पोकळ वाटते.

उलटतपासणी

नाव ऐकूनच झोप उडते. आमच्याकडे समोरच्याला प्रश्न लेखी द्यायला सांगतो, अध्यक्ष ते वाचतात, चारित्र्याचे आणि अपमानाचे प्रश्न खोडतात आणि उरलेले तुम्हाला विचारतात, तो दुसऱ्या खोलीत असतो. तसेच प्रश्न तुम्हीही त्याच्यासाठी आणि त्याच्या साक्षीदारांसाठी देऊ शकता, बायका हे विसरतातच. प्रत्येक कमिटीची पद्धत अगदी हीच असेल असं नाही, म्हणून पहिल्याच बैठकीत विचारून घ्या.

हा टप्पा तुमच्या त्रासामुळे गाळून टाका असं कोणी म्हटलं तर मात्र मोहात पडू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात असंच झालं. कमिटीने घाईघाईने बैठका उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, शिक्षा नोकरीतून काढण्याची झाली, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द करून प्रकरण परत कमिटीकडे पाठवलं. तक्रारी २००९ च्या होत्या. चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी, त्या मुलींचं काय झालं असेल विचार करा. त्याला मिळालेली संधी तुम्हाला त्या क्षणी अन्याय वाटते, पण त्या संधीवरच तुमचा निकाल टिकतो.

तर स्वातीला आलेला सातवा प्रश्न: "२५ मेला तुम्ही मला शुभेच्छांचा मेसेज केला होता का?" खोलीत एकदम शांतता. हा प्रश्न खोडता येत नाही, तो घटनेशी संबंधित आहे. ती आधी म्हणाली आठवत नाही, मग थांबून म्हणाली, केला होता, ग्रुपमध्ये, सगळ्यांनी केला आणि मी एकटीने नसता केला तर सगळ्यांनी विचारलं असतं. उत्तर चांगलं होतं, पण "आठवत नाही" आधी टाइप झालं होतं. तक्रारीतच एक ओळ टाकली असती तर हा प्रश्न फुसका ठरला असता.

तारखांना जात जा. सबळ कारण न देता सलग तीन सुनावण्यांना गैरहजर राहिलं तर कमिटी चौकशी बंद करू शकते, आणि तो गैरहजर राहिला तर एकतर्फी निर्णय देऊ शकते, दोन्हीआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पाळी, ताप, मुलाची परीक्षा, जे असेल ते आधी मेलवर कळवा.

निष्कर्ष आणि अहवाल

चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. १ जुलैपासून मोजलं तर २९ सप्टेंबर. संपवण्याआधी, दोघंही कर्मचारी असतील तर, निष्कर्षांची प्रत दोघांना देऊन त्यावर म्हणणं मागवायचं असतं. खूप कमिट्या ही पायरी गाळतात, थेट अंतिम अहवाल काढतात. प्रत आली नाही तर लेखी मागा. आली तर पहिल्यांदा बघा की तुमच्या प्रत्येक घटनेवर वेगळं मत दिलंय का. स्वातीच्या निष्कर्षात मेसेज सिद्ध, गाडीतला प्रकार सिद्ध, आणि सह्या अडवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने दीड पानाचं म्हणणं दिलं, फाइल नंबर आणि तारखांचा तक्ता जोडला, आणि अंतिम अहवालात तो भाग आला. नवीन आरोप इथे घालायचे नसतात, सुटलेलं किंवा चुकीचं वाचलेलं दाखवायचं असतं.

चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल कंपनीला जातो आणि दोन्ही बाजूंना मिळतो. सिद्ध झालं तर कमिटी शिफारस करते, शिक्षा कंपनी देते, हा फरक लक्षात ठेवा. लेखी माफी, ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणं, समुपदेशन, नोकरीतून काढणं, यातलं काहीही, शिवाय त्याच्या पगारातून कापून तुम्हाला भरपाई. भरपाई ठरवताना मानसिक त्रास, हुकलेली संधी, औषधपाण्याचा खर्च आणि त्याची ऐपत बघतात, म्हणून डॉक्टरांच्या पावत्या पहिल्यापासून ठेवा. कंपनीला अंमलबजावणीला साठ दिवस. सरकारी नोकरीत सेवा नियमांमुळे थोडं वेगळं चालतं, पण तिथेही कमिटीचा अहवाल हाच शिस्तभंगाचा चौकशी अहवाल धरतात. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेतून ते पक्कं झालं, नाहीतर बाईला तीच कहाणी दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा सांगावी लागायची.

"सिद्ध झालं नाही" असा अहवाल आला तर कंपनीने काही कारवाई करायची नाही एवढाच त्याचा अर्थ. तक्रार खोटी होती असं त्यातून निघत नाही. पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही असं कलम १४ मध्ये स्पष्ट आहे, त्यासाठी दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीने सिद्ध व्हावा लागतो. "खोटी निघाली तर तुझीच नोकरी जाईल" हे वाक्य ज्या तोंडून ऐकाल त्याने हे कलम एकतर वाचलेलं नाही किंवा नीट वाचलंय.

अहवाल मान्य नसेल, किंवा मान्य आहे पण कंपनी अंमलबजावणीच करत नाही, तर नव्वद दिवसांत अपील आहे, शिफारशीपासून. कुठे करायचं ते तुमच्या सेवा नियमांवर ठरतं आणि ते नसतील तर कामगार कायद्याखालच्या अपिलीय प्राधिकरणाकडे, इथे मात्र वकील गाठा आणि उशीर करू नका. पोलिसांचा रस्ता या सगळ्यात कधीही मोकळाच असतो, कमिटीची चौकशी चालू असतानाही, आणि तुम्ही तो घ्यायचं ठरवलंत तर कंपनीने मदत करायची असं कायदा सांगतो.

स्वातीच्या फाइलीत शेवटी किती कागद जमले ते मोजलं तर पोच, अंतरिम दिलाशाचा अर्ज, सीसीटीव्हीचा अर्ज, त्याचं उत्तर, तिचा दुरुस्त केलेला जबाब, प्रश्नोत्तरं, निष्कर्षावरचं म्हणणं आणि अहवाल. आठ. प्रत्येकावर तारीख, आणि प्रत्येकाची एक प्रत घरी, ऑफिसच्या लॅपटॉपवर नव्हे. राजीनामा दिला की तो लॅपटॉप त्याच दिवशी जमा करून घेतात.